टाकी लहान आहे की येणारे पाणी कमी आहे, हे आधी ठरवा

प्रश्न: "पिंपरी-चिंचवडमध्ये आमची ४८ सदनिकांची सोसायटी आहे, राहणारे साधारण २०० जण. पाणी एक दिवसाआड तीन तास येते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकी कोरडी पडते. सल्लागाराने ६०,००० लिटरची नवी भूमिगत टाकी बांधायला सांगितले आहे. एवढी पुरेल का? आणि आग विझवण्यासाठी राखलेल्या टाकीचे पाणी हिशेबात धरता येते का?"

आपला प्रश्न वाचला आणि सहा वर्षांपूर्वीची आमची सर्वसाधारण सभा आठवली, कारण त्या सभेत मी स्वतः सचिव या नात्याने जवळजवळ याच शब्दांत नव्या टाकीचा ठराव मांडला होता. मी अभियंता नाही. जे लिहितो आहे ते एका सोसायटीच्या अनुभवातून आणि नंतर केलेल्या मोजणीतून आलेले आहे, त्यामुळे निर्णय घेण्यापूर्वी जाणकाराला नक्की विचारावे.

टाकी दुसऱ्या दिवशी कोरडी पडते या एकाच लक्षणामागे दोन वेगळी कारणे असू शकतात. एक म्हणजे पाणी पुरेसे येते, पण साठवायला जागा नाही. दुसरे म्हणजे जागा आहे, पण तेवढे पाणी येतच नाही. पहिल्या परिस्थितीत नवी टाकी हा उपाय आहे, दुसऱ्या परिस्थितीत ती केवळ रिकामा हौद ठरते. आमची परिस्थिती दुसरी होती आणि उपाय मात्र आम्ही पहिला केला.

आमची सोसायटी ४० सदनिकांची, मराठवाड्यातील एका शहरात आहे आणि तेथे पाणी दर तिसऱ्या दिवशी चार तास येते. घरगुती वापरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. त्यांपैकी शौचालयाच्या टाक्यांचे ४५ लिटर आम्ही कूपनलिकेच्या स्वतंत्र नळातून भागवतो, म्हणून नळाच्या पाण्याची गरज माणशी ९० लिटर. राहणारे १६० जण, म्हणजे दिवसाला १४,४०० आणि एका पाळीपासून पुढच्या पाळीपर्यंत, तीन दिवसांना, ४३,२०० लिटर. साठवणूक नकाशावर ५०,००० लिटर होती: खाली ३०,००० आणि गच्चीवर २०,०००. तरीही तिसऱ्या दिवशी सकाळी नळ कोरडे. नकाशावरचा आकडा आणि वापरात येणारा आकडा यांत फरक असतो, हे आम्हाला ठाऊक होते. पंपाच्या ओढनळीच्या तोंडाशी असलेला फूट व्हॉल्व्ह तळापासून पाव मीटर वर असल्यामुळे खालच्या टाकीतील ५,००० लिटर उचललेच जात नव्हते, आणि गच्चीवरही दोनेक हजार लिटर आउटलेटच्या खाली राहत होते. वापरता येणारी साठवणूक त्यामुळे ४३,००० वर आली. गरजेच्या अगदी काठावरचा हा आकडा पाहून सभेने मान डोलावली आणि आम्ही सुमारे साडेआठ लाख रुपये खर्चून ५०,००० लिटरची नवी भूमिगत टाकी बांधली.

टाकी बांधून झाल्यावर पहिल्या पाळीला आम्ही आलेले सगळे पाणी तिच्यातच सोडले आणि उचलण्याचा पंप बंद ठेवला. ती पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दोन मीटर पाण्याची आहे, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर चढली की २५० लिटर आले. मोजपट्टी लावून दर पंधरा मिनिटांनी नोंद घेतली. पहिला अर्धा तास पाइपातून जवळजवळ हवाच येत होती. पुढचे अडीच तास दर पंधरा मिनिटांना पातळी साडेनऊ सेंटिमीटर चढत राहिली आणि शेवटच्या तासात, आमच्या पुढच्या वस्तीचे व्हॉल्व्ह उघडल्यावर, ती निम्म्यावर आली. चार तास संपले तेव्हा टाकीत ११४ सेंटिमीटर पाणी होते, म्हणजे २८,५०० लिटर. दोन दिवसांचेही पुरते नाही. वरच्या ८६ सेंटिमीटरचे प्लास्टर आजही नव्यासारखे आहे, एवढे सांगितले तरी पुरे.

ही मोजणी ठरावाच्या आधी करता आली असती. त्यासाठी नवी टाकीही लागत नाही. पाळीच्या वेळी पंप थोडा वेळ बंद ठेवून जुन्या टाकीतील चढती पातळी मोजली तरी तासाचा आकडा मिळतो. पंप चालू असताना मोजल्यास आलेल्या आणि उचललेल्या पाण्याची वजाबाकी दिसते आणि आकडा फसवा निघतो. त्याहून सोपी खूण म्हणजे बॉल कॉक. नेहमीप्रमाणे पंप चालवून गच्चीवरील टाकी भरून घ्यावी आणि पाळी संपण्यापूर्वी खालच्या टाकीचा बॉल कॉक स्वतःहून बंद होतो का, ते पाहावे. तो बंद होऊन रस्त्यावरच्या नळात अजून जोर असेल, तर आपण खरोखर पाणी नाकारत आहात आणि मोठी टाकी हवी. तो कधीच बंद होत नसेल, तर टाकी वाढवून एक लिटरही वाढणार नाही.

आपल्या बाबतीत मला शंका येते ती यासाठी की २०० जणांना १३५ लिटरप्रमाणे दोन दिवसांचे ५४,००० लिटर एका पाळीत, तीन तासांत, आत यायला हवे. म्हणजे तासाला १८,००० किंवा सेकंदाला पाच लिटर. आपली जोडणी ५० मिलिमीटरची असेल, तर त्यासाठी पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला अडीच मीटर लागेल. वाहिनीच्या शेवटी असलेल्या इमारतीला, पहिली पंधरा-वीस मिनिटे हवेत गेल्यानंतर, एवढा वेग सलग मिळेल असे मला वाटत नाही. अर्थात आपण महापालिकेच्या जलकुंभाच्या जवळ असाल, तर मी चूक ठरेन, आणि तसे झाले तर बरेच.

आमच्याकडे पाणी अडत कोठे होते? एक अडथळा मीटरपासून टाकीपर्यंतच्या तीस मीटर जुन्या जीआय पाइपात होता. तो कापला तेव्हा ४० मिलिमीटरच्या पाइपात गंजाचा असा थर निघाला की आत अंगठाही जाईना. दुसरा अडथळा मंजूर जोडणीच्या आकाराचा होता आणि तो दूर करण्यासाठी ज्या कार्यालयात आम्ही खेटे घातले, त्याचे नाव येथे घेत नाही. आम्ही पातळीच्या नोंदींचा तक्ता जोडून अर्ज दिला. उत्तर आले की आपल्या भागाला नियमित चार तास पाणी सोडले जाते, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. चार तास हे व्हॉल्व्ह उघडल्यापासूनचे असतात, आमच्या टाकीत पाणी पडल्यापासूनचे नसतात, हे तेथील एकाही व्यक्तीने ऐकून घेतले नाही. आमच्या जोडणीपाशी दाब किती असणे अपेक्षित आहे, हा साधा आकडा लेखी मागितला, तर ती माहिती दुसऱ्या विभागाकडे असल्याचे कळले आणि दुसऱ्या विभागाने आम्हाला पुन्हा पहिल्याकडे धाडले. ५० मिलिमीटरच्या जोडणीला मंजुरी मिळायला चौदा महिने लागले. त्या काळात टँकरवर जे पैसे गेले, त्याचा हिशेब मी मुद्दाम मांडलेला नाही. (जाता जाता: सुरुवातीची हवासुद्धा मीटर फिरवते, त्यामुळे देयक आणि टाकीतली नोंद जुळत नसेल, तर वॉचमनवर संशय घेण्यापूर्वी याचा विचार करावा.)

नवी जोडणी आणि नवा एचडीपीई पाइप झाल्यावर त्याच चार तासांत सुमारे ४२,००० लिटर येऊ लागले आणि तूट जवळजवळ मिटली. एवढे पाणी जुन्या ४३,००० लिटरांच्या साठवणुकीतही कसेबसे मावले असते. पाळी चुकली तर हाताशी काही असावे म्हणून १५,०००-२०,००० लिटरची भर योग्य होती, हे मी मान्य करतो. पण आधी पाइप, मग मोजणी, मग टाकी, असा क्रम ठेवला असता तर निम्म्याहून अधिक खर्च वाचला असता. थेट नळाला मोटर लावण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. तो ऐकू नये. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय ओढीमुळे फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत येते.

आता आगीसाठी राखलेल्या पाण्याविषयी. ते हिशेबात धरता येत नाही, आणि यावर मी कोणतीही सवलत देणार नाही. आमच्या अग्निशमन ना-हरकत दाखल्यानुसार गच्चीवर २५,००० लिटरची स्वतंत्र टाकी आणि मिनिटाला ९०० लिटरचा पंप आहे. घरगुती टाकी तिला लागूनच, मध्ये एकच भिंत. टंचाईच्या काळात प्लंबरने त्या भिंतीतून तळाजवळ एक जोडपाइप टाकून व्हॉल्व्ह बसवला होता, "फक्त अडचणीपुरता". जुलैमधील अग्निसुरक्षेच्या फॉर्म बी प्रमाणपत्रासाठी परवानाधारक संस्थेचा माणूस तपासणीला आला, तेव्हा राखीव टाकीत १०,००० लिटर उरले होते. पूर्ण भरलेल्या टाकीवर तो पंप सुमारे अठ्ठावीस मिनिटे चालतो, उरलेल्या पाण्यावर जेमतेम अकरा मिनिटे चालला असता. सातव्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हा फरक समजायला वेगळे गणित लागले नाही.

व्हॉल्व्हला कुलूप लावून हा प्रश्न सुटत नाही, कारण किल्ली कोणाकडे तरी असतेच. आम्ही जोडपाइप काढून भिंत बुजवली आणि पाण्याची वाट उलटी केली: खालून येणारे पाणी आधी राखीव टाकीत पडते आणि ती भरल्यावर वरच्या ओसंडीतून घरगुती टाकीत उतरते. राष्ट्रीय बांधकाम संहितेतही भूमिगत राखीव टाकीसाठी हीच पद्धत सांगितली आहे. यामुळे घरगुती टाकी तळाला गेली, तरी राखीव पातळी ओसंडीच्या खाली जात नाही, आणि रोजचे पाणी तिच्यातूनच जात असल्याने ते शिळेही होत नाही. मात्र पाणी पडण्याची जागा आणि ओसंडी समोरासमोरच्या कोपऱ्यांत असली पाहिजे. आमच्या मिस्त्रीने प्रथम दोन्ही एकाच बाजूला केल्या होत्या. त्यामुळे वरचे पाणी आले तसे निघून जात असे आणि पलीकडच्या कोपऱ्यातील पाण्याला महिन्याभरात वास सुटला.

आपली राखीव टाकी जमिनीखाली असेल, तर सल्लागाराला एवढेच विचारावे की महापालिकेचे पाणी आधी कोणत्या टाकीत पडते. उत्तर "दोन्हींत वेगवेगळे" असे आले, तर टंचाईत राखीव टाकीचा नळ कोणी तरी बंद करून ठेवील आणि ते तपासणीपर्यंत कोणाच्या लक्षात येणार नाही. बांधकामाचा आराखडा स्वीकारण्यापूर्वी लागोपाठ तीन पाळ्यांच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी घ्याव्यात, त्यात शक्यतो एक पाळी सुट्टीच्या दिवसाची असावी, आणि ते आकडे येथे टाकावेत. नवी टाकी ६०,००० लिटरची हवी की २०,००० ची, हे त्या नोंदी पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.