आल्याचा यंदाचा भाव आणि निवृत्तीची ठेव

प्रश्न : मी मुंबईत गोरेगावला राहते. निवृत्तीच्या पैशांतून ठेवलेल्या नऊ लाखांच्या ठेवीची मुदत एप्रिलमध्ये संपते आहे. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातला माझा मामेभाऊ म्हणतो की आल्याला यंदा गाडीमागे, म्हणजे पाचशे किलोंमागे, तीस हजार मिळाले, एरवी वीसच्या आसपास मिळत. एकरी तीन लाख खर्च आणि वीस गाड्या उत्पन्न धरले, तर तीन एकरांत घातलेले पैसे वर्षभरात दुप्पट होतील आणि नफा आम्ही निम्मा-निम्मा वाटून घेऊ. पैसे द्यावेत का?

उत्तर : ही संपूर्ण रक्कम यंदाच्या लागवडीत घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या भावाच्या प्रामाणिकपणाबद्दल किंवा शेतीतील कसबाबद्दल मला शंका नाही. त्यांच्या हिशोबातला खर्च आणि उत्पन्नही मी जसेच्या तसे मान्य करतो. त्यात मला न पटणारा आकडा एकच आहे, आणि तो म्हणजे तीस हजारांचा भाव. तो सरलेल्या हंगामाचा भाव आहे. आपला माल बाजारात जाईल तो पुढच्या वर्षी, आणि त्या वेळचा भाव आज, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, किती शेतकरी आल्याचे बेणे जमिनीत घालतात यावर ठरणार आहे. त्या सर्वांच्या डोळ्यांसमोर आज तोच तीस हजारांचा भाव आहे.

अर्थशास्त्रात या रचनेला कोळ्याच्या जाळ्याचे प्रारूप म्हणतात. १९२० च्या दशकात आर्थर हानाउ यांनी जर्मनीतील डुकरांच्या बाजारात भावांची अशी आवर्तने दाखवून दिली आणि १९३८ मध्ये मॉर्डेकाय इझिकिएल यांनी या विचाराची पद्धतशीर मांडणी केली. लागवड गेल्या हंगामाच्या भावावर ठरते, माल आल्यानंतर मागणी नवा भाव ठरवते आणि त्या भावावर पुढची लागवड ठरते. ही आवर्तने शांत होतील की भडकतील, हे दोन गोष्टींच्या प्रमाणावर अवलंबून असते : भाव बदलल्यावर लागवड किती बदलते, आणि माल बदलल्यावर भाव किती बदलतो.

आपलेच आकडे घेऊन हे पाहू. आले स्वस्त झाले म्हणून कोणी चहात दुप्पट आले घालत नाही, त्यामुळे माल थोडा वाढला तरी भाव बराच पडतो. समजण्यासाठी असे धरू की माल दहा टक्के वाढला की भाव वीस टक्के उतरतो आणि वीस हजार हा समतोलाचा भाव आहे. आता शेतकरी सावध असतील आणि भाव दहा टक्के वाढल्यावर लागवड तीनच टक्के वाढवत असतील, तर यंदाच्या पन्नास टक्के चढ्या भावामुळे लागवड पंधरा टक्के वाढेल आणि पुढच्या वर्षी भाव तीस टक्के पडून चौदा हजारांवर येईल. त्यानंतर तो सुमारे साडेतेवीस हजार, मग अठरा हजारांच्या थोडा खाली, असा दर वेळी लहान झोके घेत वीस हजारांकडे येईल. हा स्थिरावणारा बाजार झाला. पण त्याच दहा टक्क्यांमागे शेतकरी लागवड सहा टक्के वाढवत असतील, तर पुढच्या वर्षीचा भाव आठ हजार होईल, त्याच्या पुढच्या वर्षी चौतीस हजारांच्या वर जाईल आणि मग तीन हजारांच्याही खाली कोसळेल. येथे प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही, की दोन्ही बाजारांत तेजीनंतरचे वर्ष तोट्याचेच निघते. चौदा हजार भावाने एकरी दोन लाख ऐंशी हजार हाती येतात, म्हणजे तीन एकरांत साठ हजारांचा तोटा. आठ हजार भावाने एकरी एक लाख साठ हजारच येतात आणि तीन एकरांत चार लाख वीस हजार जातात. नफा निम्मा-निम्मा ठरला आहे, पण तोटा कोणी सोसायचा हे आपल्या पत्रात कुठेच नाही. भांडवल सगळे आपले असल्यामुळे तो आपल्याच अंगावर येईल, असे मला वाटते.

प्रत्यक्षात कोणताही बाजार अनंतकाळ भडकत राहत नाही. भाव शून्याखाली जात नाही, काढणीची मजुरीही सुटेनाशी झाली की माल रानातच राहतो. उलट आपटी खाल्लेल्या शेतकऱ्याकडे पुढच्या बेण्याला पैसेच उरत नाहीत, त्यामुळे लागवड या गणितापेक्षाही जास्त घटते आणि पुढची तेजी वाढते. आल्यात आणखी एक वेगळेपण आहे. भाव पडला तर पीक काही महिने जमिनीत ठेवता येते. त्याने त्या शेतकऱ्याला उसंत मिळते, पण तोच माल पुढच्या हंगामाच्या मालात मिसळतो आणि मंदी लांबते. शिवाय मध्ये पावसाळा आला तर कंदकुजीचा धोका वाढतो.

आवर्तन शमवणारी सर्वांत मोठी शक्ती मात्र शेतकऱ्याच्या अंदाजात असते. मार्क नेरलोव्ह यांनी १९५८ मध्ये याकडे लक्ष वेधले. वरच्या भडकणाऱ्या बाजारातच प्रत्येकाने गेल्या वर्षीचा भाव पूर्ण न मानता जुना अंदाज आणि नवा भाव यांची सरासरी धरली, म्हणजे तीसऐवजी पंचवीस हजार गृहीत धरले, तर पुढचे भाव चौदा हजार आणि मग साडेवीस हजारांच्या आसपास येतात. मागणी तीच, जमीन तीच, तरीही बाजार दोन हंगामांत स्थिरावतो. म्हणून आपल्या मामेभावाला वाशीच्या आजच्या भावाऐवजी बेण्याबद्दल विचारावे. बेण्याचा दर बाजारातल्या आल्याच्या दरापेक्षा फार वेगाने वाढला असेल, आगाऊ नोंदणी होत असेल आणि आजवर आले न लावणारे शेतकरीही बेणे शोधत असतील, तर लोक केवळ गेल्या हंगामाकडे पाहून लागवड करत आहेत, असे समजावे. ही चौकशी सातारा जिल्ह्यापुरती ठेवून चालणार नाही, कारण मुंबईच्या बाजारात कर्नाटकातूनही आले येते.

तरीही मामेभावाला साहाय्य करण्याची आपली इच्छा असेल, तर एकाच एकरासाठी, तीन वर्षे सलग आणि दर वर्षी तेवढ्याच क्षेत्रावर पैसे द्यावेत. स्थिरावणाऱ्या बाजारात पुढच्या तीन वर्षांचा सरासरी भाव साडेअठरा हजारांच्या आसपास पडतो आणि एकरी वर्षाला सुमारे सत्तर हजार सुटतात. भडकणाऱ्या बाजारात सरासरी पंधरा हजार येऊन आपण जेमतेम खर्च भरून काढता. हे अर्थातच उत्पन्न दर वर्षी वीस गाड्यांचे धरून झाले. मंदीच्या वर्षी बेणे स्वस्त असते, त्यामुळे त्या वेळी माघार न घेणे हाच या व्यवहाराचा गाभा आहे. ती हिंमत दोघांत नसेल तर पहिल्या वर्षीही पैसे देऊ नयेत.

ठेवीतले सहा लाख पुन्हा मुदत ठेवीतच ठेवावेत आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे भांडवल त्यातूनच, पण आधीच्या पिकाचे पैसे हाती आल्यावर, जेवढी तूट असेल तेवढेच काढावे. तोट्याची वाटणी, पीक जमिनीत ठेवण्याचा निर्णय कोण घेणार आणि पैसे परत करण्याची तारीख या तिन्ही बाबी बेणे खरेदी करण्यापूर्वी कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. केवळ पैसे पुरवून मिळालेला लाभ शेतीचे उत्पन्न म्हणून आपोआप करमुक्त ठरत नाही, त्यामुळे कराराचा मसुदा करसल्लागाराला दाखवून मगच पहिली रक्कम द्यावी.