चौथी खुर्ची टाकू का?

"मॅडम, सलूनचा गाळा २४० स्क्वेअर फुटाचा आहे, भाडं काही थांबत नाही, आणि शनिवार-रविवारी बायका दारातून परत जातात. अजून एक खुर्ची बसवली तर बुकिंग वाढेल ना?"

हा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी येतो, कधी वारज्याहून कधी हडपसरहून, फक्त स्क्वेअर फूट बदलतात. मी आधी भोसरीत प्रॉडक्शनवाल्यांबरोबर बरीच वर्षं काढलीयेत, मग छोट्या धंदेवाल्यांच्या समुपदेशनात आले, त्यामुळे माझा पंथ सरळ आहे, माल कुठे अडतोय ते आधी बघायचं आणि मशीन नंतर घ्यायचं. सलूनलाही हे लागू पडतं असं मी म्हटलं की लोकं हसतात. हसू देत.

सिंहगड रोडच्या या ताईंची गोष्ट सांगते, म्हणजे सगळ्यांना एकदमच उत्तर होईल. गाळा १० फूट रुंद, २४ फूट खोल. पुढचे ५ फूट काउंटर आणि तीन सीटचा सोफा, मागचे ६ फूट वॅक्सिंग-फेशियलची केबिन, मधल्या १३ फुटात डाव्या भिंतीला तीन आरसे तीन खुर्च्या, समोर उजव्या भिंतीला एक वॉश बेसिन आणि टॉवेलचं रॅक. काम करणाऱ्या तिघी, त्यात कट आणि कलर येणाऱ्या दोघीच, एक ताई स्वतः आणि एक सीनियर मुलगी. तिसरी हेल्पर, ती वॉश, थ्रेडिंग, वॅक्सिंग बघते.

पहिल्या भेटीला मिस्टरही आले होते, हातात वहीच्या पानावर काढलेला नकाशा. त्यात उजव्या भिंतीला चौथी खुर्ची, बेसिन सरकवून पुढे दाराजवळ.

"मॅडम, बसतंय की नाही बघा. खुर्ची सव्वादोन फूट, जागा आहे."

मी म्हटलं, खुर्ची बसतेय हो, माणूस बसतोय का?

सोमवारी सलून बंद असतं तेव्हा तिथेच गेले, मास्किंग टेप घेऊन. लादीवर त्यांचा नकाशा टेपने काढला आणि चौथ्या जागी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. आरसा, त्याखालची फळी, बसलेल्या बाईचे पाय आणि खुर्चीची पाठ, असं भिंतीपासून साधारण ४ फूट जातात. मागे उभं राहून ब्लोड्राय करणारीला अजून २ फूट लागतात. म्हणजे एका भिंतीचेच ६ फूट झाले, उरले ४, त्यात येणंजाणं. दोन्ही भिंतींना समोरासमोर खुर्च्या टाकल्या तर १० मधून ८ गेले, मधे २ फुटात दोघी पाठीला पाठ लावून उभ्या. मी दोघींना ड्रायर हातात घेऊन उभं केलं आणि हेल्परला कलरचा बाउल घेऊन मधून जायला सांगितलं. ती थांबली, हसली आणि म्हणाली, "ताई, मी भिंतीवरून जाऊ का?"

मग मिस्टर म्हणाले डावीकडेच दाटीने चार लावू. १३ फुटात चार म्हणजे एका खुर्चीला सव्वातीन फूट. एका आरशाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ४ फूट ही अगदी शेवटची मर्यादा, साडेचार-पाच असेल तर नीट काम होतं, नाहीतर कात्री धरलेला कोपर शेजारच्या बाईच्या कानाला लागतो. बेसिन दाराजवळ न्यायची गोष्ट तर तिथेच संपली, सांडपाण्याची लाइन मागच्या बाजूला, १० फूट पुढे न्यायचं तर पाइपला निदान ३ इंच उतार हवा, म्हणजे लादी फोडा नाहीतर ओटा बांधा, तेही भाड्याच्या गाळ्यात, मालकाला विचारून, आणि लिव्ह अँड लायसन्स संपलं की सगळं तिथेच सोडून जायचं.

जागेचा प्रश्न असा टेपनेच सुटला. पण ताईंचा चेहरा उतरला, आणि ते मला महत्त्वाचं वाटलं. म्हणजे त्यांना खुर्ची नको होती, परत जाणारी बाई थांबायला हवी होती. अनेकदा माणूस जे मागतो ते त्याच्या काळजीचं उत्तर नसतं, त्याला सुचलेलं पहिलं उत्तर असतं.

मग मी एक वही दिली. दोन आठवडे, प्रत्येक खुर्चीसमोर लिहायचं, बाई कधी बसली, कधी उठली, आणि त्यातली किती मिनिटं तिच्या डोक्यावर खरंच कोणाचा हात होता. बाकी काही नाही. ताई कुरकुरल्या, गर्दीत कोण लिहिणार म्हणून, तर हेल्परच्या मुलीला, अकरावीतली आहे, तिला दोन शनिवार बसवलं. (पैसे देऊन. फुकट नाही.)

वही घेऊन आल्या तेव्हाचं बोलणं मला अजून आठवतं.

शनिवारी ११ ते ९, तीन खुर्च्या, म्हणजे ३० तास. त्यातले २१ तास खुर्ची भरलेली. मी विचारलं, हात किती तास चालला? त्यांनी बेरीज केली, परत केली. १२.

"मग बाकीचे ९ तास काय झालं?"

"कलर लावून बसल्या होत्या. स्पाचं क्रीम लावून बसल्या होत्या. ते ६ तास असतील. आणि बेसिन रिकामं व्हायची वाट बघत ३."

"आणि परत किती गेल्या?"

"सात. सगळ्या ५ ते ८ मधे. चौघींना तर नुसतं थ्रेडिंग करायचं होतं."

मी ५ ते ८ वेगळं काढायला लावलं. ३ तास, ३ खुर्च्या, ९ तास सगळे भरलेले, हात चालला ४ तास. ताई वहीकडे बघत गप्प बसल्या, मी पण काही बोलले नाही, अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवायचं असतं आणि मला ते सोपं जात नाही. मग त्याच म्हणाल्या, "म्हणजे बायका परत जात होत्या तेव्हा माझ्या आरशासमोर बायका नुसत्या मुरत बसल्या होत्या."

मुरत! लोणच्यासारख्या. तो शब्द त्यांचा, माझा नाही, पण तेव्हापासून मी सगळीकडे तोच वापरते. कलर लावायला अर्धा-पाऊण तास हात लागतो, मग अर्धा-पाऊण तास तो नुसता मुरतो, त्याला आरसा लागत नाही, हायड्रॉलिक खुर्ची लागत नाही, फक्त बसायला जागा लागते. आपण सर्वात महागडी जागा मुरण्यासाठी देतो आणि नवीन बाईला परत पाठवतो.

त्यांच्याकडे जागा कुठे होती? सोफ्याची. अपॉइंटमेंटवर येणाऱ्या बाईला सोफ्यावर ५-१० मिनिटं बसायचं असतं, त्यासाठी तीन सीट कशाला. सोफा काढला, तिथे काळ्या रेक्झिनच्या दोन सरळ खुर्च्या ठेवल्या, डाग दिसू नयेत म्हणून काळ्या, शेजारी चार्जिंगचा पॉइंट. आणि डोकं मागे टेकेल अशी एक थ्रेडिंगची खुर्ची. थ्रेडिंगचं १० मिनिटांचं काम आरशाच्या खुर्चीतून बाहेर पडलं, हेल्पर ते तिथेच उरकते.

पहिल्याच आठवड्यात लफडं झालं. एक काकू डोक्याला फॉइल लावून तिथे बसायला तयारच होईनात, "बाहेरचा भाजीवाला बघतो की हो!" बरोबरच आहे, काचेचं दार. म्हणून काचेला ५ फुटांपर्यंत फ्रॉस्टेड फिल्म लावली, वर उघडी ठेवली, म्हणजे सलून चालू आहे हे रस्त्यावरून कळतं. दुसरं म्हणजे एसीची हवा थेट तिथे येत होती. गारठ्यात कलर हळू चढतो, दोघींना जास्त वेळ बसवावं लागलं, शेवटी एसीची झडप वळवली.

पण खरी अडचण बेसिनची होती, आणि इथेच बरेच जण फसतात. आता तीन खुर्च्या मोकळ्या होऊ लागल्या तर गर्दी बेसिनवर सरकली. कलर धुवायला १५ मिनिटं, साधा वॉश ८-१०, म्हणजे एका बेसिनवर तासाला फार तर चार-पाच डोकी. दोन कलर एकाच वेळी सुरू केले की दोन्ही एकाच वेळी मुरतात आणि दोन्ही बायका एकदम बेसिनसाठी उठतात. म्हणून वहीत एकच नियम घातला, दोन कलरच्या सुरुवातीत किमान अर्धा तास अंतर. ५ ला ताईंनी एकीला कलर लावायला घेतला, ५:४० ला ती पुढच्या खुर्चीत गेली, त्याच आरशासमोर ५:४० ते ६:१५ दुसरीचा कट, ६:१५ ला पहिली बेसिनवर. सीनियर मुलीने तिचा कलर साडेपाचला सुरू केला, तो पावणेसातला बेसिनवर येतो. टक्कर नाही. कट संपवून ताई परत आपल्या कलरवालीकडे ब्लोड्रायला येतात.

हे सगळ्याच कामांना चालत नाही हं. स्ट्रेटनिंगमधे इस्त्री फिरवायला बराच वेळ हात लागतो, तीन-चार तास खुर्ची गेलीच. ते काम शनिवार-रविवारी घ्यायचंच नाही असं ठरवलं, मंगळवार-बुधवार सकाळी. गुरुवारी नाही, गुरुवारी पुण्यात पाणी कधी बंद असेल सांगता येत नाही, आणि केमिकल लावून बसलेली बाई आणि कोरडा नळ हे दृश्य मी एका दुसऱ्या सलूनमधे पाहिलंय.

दोन महिन्यांनी शनिवारी काम करून जाणाऱ्या बायकांचा आकडा १९ वरून २५ वर गेला. वाढलेल्या सहातल्या चार नुसत्या थ्रेडिंगच्या, म्हणजे पैशात फार मोठी उडी नाही, पण त्यातलीच एखादी पुढच्या महिन्यात कलरला येते असं ताईंचं म्हणणं आहे. त्याहून जास्त हवं असेल तर आता अडतंय ते हातांवर, खुर्चीवर नाही, म्हणून शनिवार-रविवार ४ ते ८ साठी कट येणारी एक मुलगी बघताहेत. चौथ्या आरशाचा विचार कधी करायचा ते मी सांगून ठेवलंय, गर्दीच्या तीन तासांत हात चालायचे तास ९ पैकी ७ च्या वर जायला लागले की. सध्या साडेपाचच्या आसपास आहेत.

एक गोष्ट मात्र मला खूप नंतर कळली. मिस्टरांनी पहिल्या भेटीच्या आधीच जुन्या बाजारातून सेकंडहँड खुर्ची आणून ठेवली होती, बोलले नाहीत बिचारे. ती आता घरी गॅलरीत आहे, सासरे तिच्यात बसून पेपर वाचतात, वरखाली करून.