टोमॅटोची मर सरीसरीने का पसरते?

प्रश्न : दिंडोरीत टोमॅटो आहे. हिरवीगार झाडं अचानक माना टाकताहेत, आणि एकाच सरीत खाली खाली पसरतंय. काय करू?

उत्तर : पानं पिवळी न पडताच झाड कोमेजतंय, म्हणजे जिवाणूजन्य मर असण्याची शक्यता जास्त. खात्री करून घ्या. जमिनीलगतचा खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टांगता धरा. काही मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरले, तर तीच मर.

सरीच्या उताराने पसरतंय, म्हणजे पाणीच जिवाणू पुढे नेतंय. आजच त्या सरीचं पाणी तोडा. आजारी झाड मुळांभोवतीच्या मातीसकट गोणीत भरून शेताबाहेर न्या. पाटात, विहिरीकाठी किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका. शेजारची, दिसायला निरोगी दोन-तीन झाडंही काढलेली बरी, कारण रोग दिसण्याआधीच मुळांत शिरलेला असतो.

बगलफुटी काढणाऱ्या मजुरांना आधी निरोगी भागात पाठवा, आजारी सरी शेवटी. कात्री, खुरपं आधी धुऊन माती काढा, मगच एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात बुडवा. चिखलामुळे ब्लीचचा जोर जातो, आणि बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते.

या मरीत बियाण्यापेक्षा रोपांच्या मुळांना चिकटलेल्या मातीचा धोका मोठा, म्हणून पुढच्या वेळी कोकोपीट ट्रेमधलीच रोपं घ्या. लागलेलं झाड कुठल्याही फवारणीने बरं होत नाही, त्यावर पैसे घालवू नका. त्या तुकड्यात पुढची काही वर्षं वांगी, मिरची, बटाटा नको. मका किंवा कांदा चालेल.