कानाखालची गाठ साधी असली तरी ती का काढावी, आणि तोंड वाकडे होण्याची भीती कितपत खरी?

प्रश्न : आईच्या कानाच्या पाळीखाली चार वर्षांपासून गाठ आहे, दुखत नाही. डॉक्टर म्हणतात बहुधा कॅन्सर नाही, तरी ऑपरेशन करा. मग काढायची कशाला? आणि तोंड वाकडे झाले तर?

उत्तर : मी गोव्यात कान-नाक-घसा शल्यचिकित्सक आहे आणि हा प्रश्न माझ्या ओपीडीत नेहमी येतो. सोलकढीचा घोट घेताच सूज येऊन तासाभरात ओसरत असेल, तर ते बहुधा लाळेच्या नळीत अडकलेल्या खड्याचे लक्षण असते. आईंची गाठ तशी दिसत नाही. पाळीखालची अशी गाठ बहुधा कानापुढच्या मोठ्या लाळग्रंथीत असते, आणि त्या ग्रंथीतील दर 10 गाठींपैकी साधारण 8 साध्या असतात. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस याच ग्रंथीतून जाते. साधी गाठ वाढताना तिला फक्त बाजूला सारते, तर कर्करोग तिच्यात शिरू शकतो. म्हणून चार वर्षांनंतरही डोळा घट्ट मिटत असेल आणि हसू सरळ असेल, तर ते दिलासा देणारे आहे. अर्थात सोनोग्राफी आणि सुईची तपासणी तरीही हवीच.

काढायची ती अशासाठी, की यांतील सर्वांत नेहमीच्या गाठीचे, म्हणजे प्लिओमॉर्फिक ॲडिनोमाचे, वेष्टन अपुरे असते आणि तिचे बारीक कोंब त्याबाहेर डोकावतात. ती वर्षानुवर्षे राहिली तर काही जणांत कर्करोगात बदलते. लिंबातून बी काढावी तशी ती नुसती उपटली, तर राहिलेल्या कोंबांतून पुढे अनेक गाठी उगवतात आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत व्रणात अडकलेली नस शोधणे फार अवघड जाते. म्हणून भोवतालच्या निरोगी ग्रंथीच्या थरासह ती पहिल्याच वेळी नीट काढावी.

पेडण्याच्या एका बाईंची 3 सेंमीची अशी गाठ मी काढली. कानासमोरून पाळीमागे वळून मानेवर उतरणारा छेद घेतल्यावर मी आधी गाठीला हात न लावता नस शोधली. कानाच्या कूर्चेचे टोक आणि जबड्यामागचा डायगॅस्ट्रिक स्नायू या दोन खुणांवरून तिचे खोड साधारण 1 सेंमी खोलीवर सापडते. तिथून एकेक फांदी डोळ्यांसमोर ठेवत तिच्यावरची ग्रंथी गाठीसह उचलायची असते. नस जवळ आली की नर्व्ह मॉनिटर आवाज करतो, आणि तो चालावा म्हणून भूलतज्ज्ञ त्या वेळी स्नायू शिथिल करणारे औषध टाळतात. मॉनिटर मदतनीस आहे, डोळ्यांची जागा तो घेत नाही.

त्यांचा खालच्या ओठाचा कोपरा सात आठवडे कमजोर होता. नस ताणली गेली होती, तुटली नव्हती, त्यामुळे तो पूर्ववत झाला. कायमचा लुळेपणा साध्या गाठीच्या पहिल्या शस्त्रक्रियेत क्वचित येतो, पण शून्य धोका कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. पाळीची बधिरता मात्र बऱ्याच जणांना राहते, आणि काहींना जेवताना गालावर घाम येतो.

गाठ अचानक वाढू लागली, दुखू लागली, हलेनाशी झाली किंवा डोळा मिटेनासा झाला, तर तारखेची वाट न पाहता आईंना त्याच आठवड्यात दाखवा.