चेहलम आणि ‘चेहलमची साखळी’

प्रश्न: ‘इराणच्या क्रांतीवरच्या एका लेखात चेहलमची साखळी असं वाचलं. चेहलम म्हणजे मोहरमनंतर येतो तोच दिवस ना? मग त्याचा राजेशाही पडण्याशी काय संबंध?’

मोहरमनंतरचा तो चेहलम इमाम हुसेन यांचा. पण मूळ फारसी शब्दाचा अर्थ नुसता ‘चाळिसावा’ एवढाच. ‘चेहेल’ म्हणजे चाळीस, आणि दोन्ही शब्द मुळात एकाच घराण्यातले. आपण ‘तेरावा’ म्हणतो तसाच हा शब्द, कुणाच्याही मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाचा.

७ जानेवारी १९७८ला ‘इत्तेलाआत’ या दैनिकात राजेशाहीचे विरोधक धर्मगुरू खोमेनी यांची निंदानालस्ती करणारा लेख आला. दोन दिवसांनी कोम शहरात मदरशांचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. त्यांचा चाळिसावा आला १८ फेब्रुवारीला. आयतुल्ला शरीअतमदारींनी तो पाळायला सांगितलं, तेही शांततेत. ते मूळचे तब्रीझचे, त्यामुळे तिथला बाजार कडकडीत बंद राहिला. लोक मशिदीपाशी आले तर दार पोलिसांनी बंद केलेलं. तिथे बाचाबाची झाली, गोळी सुटली आणि जमाव बँका, सिनेमागृहं, दारूची दुकानं आणि शहाच्या एकमेव अधिकृत पक्षाचं, रस्ताखीझचं कार्यालय यांवर तुटून पडला. शहर ताब्यात घ्यायला रणगाडे आणावे लागले. आता तब्रीझच्या मृतांचा चाळिसावा! तो मार्चअखेरीस पाळला गेला, तेव्हा याझ्दमध्ये गोळीबार झाला. पुढचा मेच्या दुसऱ्या आठवड्यात. ही ती साखळी.

सरकारची पंचाईत अशी, की सभेवर बंदी घालता येते, सुतकावर कशी घालणार? शिवाय तारीख कुणी जाहीर करायची गरजच नाही. चाळीस दिवस मोजता आले की झालं. गावोगावच्या मशिदी आणि बाजार हेच निरोप पोचवणारं जाळं.

मात्र राजेशाही चेहलममुळे पडली असं लिहिलं, तर ते अर्धवट ठरेल. १७ जूनच्या चाळिसाव्याला धर्मगुरूंनीच लोकांना घरी बसायला सांगितलं आणि साखळी तुटली. खरा घाव पुढचा: सप्टेंबरात तेहरानच्या जालेह चौकातला गोळीबार आणि मग तेल कामगारांचा संप, ज्याने सरकारची तिजोरीच आवळली. १६ जानेवारी १९७९ला शहा देश सोडून गेले. हुसेन यांचा चेहलम त्यानंतर तीनच दिवसांनी होता आणि तेव्हाही तेहरानमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, पण इराणात त्या दिवसाला बहुधा अरबी ‘अरबईन’ म्हणतात. ११ फेब्रुवारीला लष्कराने तटस्थता जाहीर केली, तिथे राजवट संपली.

तेव्हा ‘चेहलमची साखळी’ हा प्रयोग जानेवारी ते मे १९७८ एवढ्यापुरताच वापरावा. मराठीत ‘चाळिसाव्यांची साखळी’ लिहिलं तरी चालेल. मला तर तेच जास्त आवडेल, कारण मग मोहरमचा घोळ होत नाही.