टर्म्स त्याच, फक्त क्रम बदलला, तरी बेरीज निम्मी कशी?

प्रश्न: 1 − 1/2 + 1/3 − 1/4 + … ची बेरीज ln 2 येते हे समजलं. पण त्याच टर्म्स एक प्लस, दोन मायनस अशा लावल्या की बेरीज निम्मी येते म्हणतात. एकही टर्म गाळली नाही, एकही दोनदा घेतली नाही, मग हे शक्य कसं आहे? बेरजेत क्रमाने काय फरक पडतो?

क्रमाने फरक पडत नाही हा नियम मोजक्या आकड्यांच्या बेरजेचा आहे, दहा असोत नाहीतर दहा कोटी. अनंत सिरीजची "बेरीज" ही खरं तर बेरीज नाहीच, ती एक लिमिट आहे, म्हणजे पहिली एक टर्म, मग पहिल्या दोन, मग पहिल्या तीन अशा पार्शल सम्सची रांग कुठल्या आकड्याकडे जाते ते. आणि क्रम बदलला की ही रांगच वेगळी होते, त्यामुळे ती दुसरीकडे गेली तर नियम कुठेच मोडलेला नसतो. पण एवढ्याने समाधान होत नाही हे मलाही मान्य आहे, कारण टर्म्स त्याच असताना तो फरक नेमका येतो कुठून हे अजून दिसलेलं नाही. तर आधी निम्मी येते ते बघू आणि मग फरक पकडू.

नवीन क्रम असा:

1 − 1/2 − 1/4 + 1/3 − 1/6 − 1/8 + 1/5 − 1/10 − 1/12 + …

प्रत्येक तिकडीत पहिल्या दोन टर्म्स एकत्र करा. 1 − 1/2 म्हणजे 1/2. 1/3 − 1/6 म्हणजे 1/6. 1/5 − 1/10 म्हणजे 1/10. उरलं काय तर

1/2 − 1/4 + 1/6 − 1/8 + 1/10 − 1/12 + …

आणि हे म्हणजे मूळ सिरीजच्या प्रत्येक टर्मचं निम्मं. म्हणून बेरीज (1/2) ln 2, साधारण 0.3466, आणि मूळची होती 0.6931. इथे कोणी म्हणेल की कंस टाकून चलाखी केली, तर तसं नाही, 3n टर्म्सनंतरची नवी पार्शल सम ही 2n टर्म्सनंतरच्या जुन्या पार्शल समच्या बरोबर निम्मी आहे, आणि तिकडीच्या अधेमधे थांबलात तरी फरक फार तर एकदोन टर्म्सचा, ज्या पुढे शून्याकडे जातात. हवं तर हाताने करून बघा, तीन टर्म्सनंतर 0.25, सहानंतर 0.2917, नवानंतर 0.3083.

आता मुख्य गोष्ट. मायनस टर्म्स दुप्पट वेगाने उचलल्या तरी प्लसवाल्या "नंतर येतातच ना, मग भरपाई होईल" असं वाटतं, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. 15 टर्म्सवर थांबा. नव्या क्रमात तोपर्यंत पाच प्लस वापरल्या, 1 पासून 1/9 पर्यंत, आणि दहा मायनस, 1/2 पासून 1/20 पर्यंत. जुन्या क्रमात 1/9 पर्यंतच्या प्लस संपतात तेव्हा मायनस 1/10 पर्यंतच आलेल्या असतात. म्हणजे नव्या क्रमाने आगाऊ उचललेल्या टर्म्स एवढ्याच:

1/12 + 1/14 + 1/16 + 1/18 + 1/20 = 0.3228

जुनी बेरीज तिथे 0.6456, वजा 0.3228, उरले 0.3228. निम्मे.

आता पुढे जाऊन n प्लस टर्म्सवर थांबा. आगाऊ उचललेल्या मायनस टर्म्स 1/(2n+2) पासून 1/(4n) पर्यंत, एकूण n. यातली प्रत्येक टर्म बारीक होत जाते पण संख्या वाढत जाते, आणि सगळ्यात लहान टर्म 1/(4n) आहे म्हणून n टर्म्सची बेरीज 1/4 च्या खाली कधी जाऊच शकत नाही. (नेमकी ती 0.3466 कडे जाते.) ही उधारीसारखी आहे, जुनी फेडेपर्यंत तेवढीच नवी घेऊन ठेवलेली असते, त्यामुळे प्रत्येक टर्मचा हिशोब कधीतरी लागतो हे खरं, पण ज्या क्षणी थांबून बघाल त्या क्षणी थकबाकी पाव तरी असतेच. आणि लिमिट म्हणजे थांबून बघितलेल्या आकड्यांचंच लिमिट, म्हणून ती थकबाकी लिमिटमध्ये कायमची राहते.

हेच 1 − 1/4 + 1/9 − 1/16 + … वर करून बघा, खेळ लगेच बंद पडतो. तिथेही आगाऊ टर्म्स n च, पण प्रत्येक टर्म 1/(4n²) पेक्षा लहान, म्हणून सगळ्या मिळून 1/(4n) च्या आत, आणि हे शून्याकडे जातं. कारण सगळी चिन्हं प्लस केली तरी ही सिरीज कन्व्हर्ज होते, म्हणजे ती अ‍ॅब्सोल्यूटली कन्व्हर्जंट आहे, शेपटाकडे कितीही टर्म्स गोळा करा, त्यांचं वजनच उरत नाही. आपल्या सिरीजची चिन्हं प्लस केली तर 1 + 1/2 + 1/3 + … होते जी अनंताकडे जाते. चिन्हांच्या काटाकाटीवर कशीबशी टिकलेली, ती कंडिशनली कन्व्हर्जंट. पेपरात काय किंवा एरवी काय, टर्म्स हलवण्याआधी एवढं तपासलं की पुरे.

बरं, निम्मीवरच थांबायचं कारण नाही. रीमानने 1854 च्या आपल्या प्रबंधात दाखवलं की अशा सिरीजची बेरीज हव्या त्या आकड्यावर आणता येते, आणि कृती इतकी साधी आहे की बघून हसू येतं. समजा 1.5 हवेत. प्लस टर्म्स घेत राहा, 1 + 1/3 + 1/5 = 1.533, ओलांडलं. आता एक मायनस, −1/2, आलो 1.033 वर. परत प्लस, 1/7, 1/9, 1/11, 1/13, 1/15, झाले 1.522, ओलांडलं, आता −1/4, आणि असंच पुढे. नुसत्या प्लस टर्म्सची बेरीजही अनंत आणि नुसत्या मायनसचीही, म्हणून कुठल्याच बाजूचा माल संपत नाही, आणि चुकतो तो फार तर शेवटच्या ओलांडणाऱ्या टर्मइतका, जी शून्याकडे जाते. कुठलीही टर्म वगळली जात नाही कारण दर फेरीत दोन्हीकडची एक तरी उचलली जाते.

मात्र कुठलीही अदलाबदल केली की बेरीज बदलते असं समजू नका. शेजारशेजारच्या टर्म्सच्या जोड्या उलट्या केल्या, किंवा कुठलीच टर्म आपल्या जागेपासून शंभर जागांपलीकडे हलवली नाही, तर बेरीज तीच राहते, कारण थकबाकी शंभरेक टर्म्सची आणि त्या टर्म्स बारीक होत जातात. फरक पडायला एका बाजूच्या टर्म्स लांबलांबून, वाढत्या अंतरावरून ओढून आणाव्या लागतात. आपल्या सिरीजसाठी तर फॉर्म्युलाच आहे, दर वेळी p प्लस आणि q मायनस घेतल्या तर बेरीज ln 2 + (1/2) ln(p/q). p = 1, q = 2 टाकलं की आपली निम्मी मिळते. आणि p = 1, q = 4 टाकलं तर येतं चक्क शून्य: पहिल्या पाच टर्म्स, 1 − 1/2 − 1/4 − 1/6 − 1/8, यांची बेरीज −0.0417, पुढच्या पाच धरून −0.0256, आणि तिथून खालून हळूहळू शून्याकडे.