सिनेमा संपल्यावर लेक गप्प झाली तेव्हा

प्रश्न: मुलगा १३ वर्षांचा आहे, आमच्याबरोबर युद्धावरचा एक अस्वस्थ करणारा सिनेमा बघायचा म्हणतोय. दाखवावा का, हे कसं ठरवायचं? आणि नंतर त्याच्याशी काय बोलायचं?

मी यात एकदा सपशेल चुकलोय, तेच सांगतो. ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा १९८८ सालचा जपानी ॲनिमेशनपट. कार्टूनच तर आहे, म्हणून आधी न बघताच लेकीबरोबर लावला. तीही तेव्हा तेरा वर्षांची. सिनेमात चौदा वर्षांचा मुलगा नातेवाईक बाईचं घर सोडतो आणि चार वर्षांच्या बहिणीला एकटाच सांभाळू पाहतो. बहीण उपासमारीने खंगत जाते. लेकीला धाकटा भाऊ आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

सिनेमा संपल्या संपल्या मी विचारलं, “कसा वाटला?” “बरा.” मग मी युद्धावर भाषण ठोकलं. ती उठून खोलीत गेली.

दोन दिवसांनी कपड्यांच्या घड्या घालताना ती एकदम म्हणाली, “त्याने त्या बाईकडे परत जायला हवं होतं.” ‘अगं, तो लहान होता’ हे ओठांवर आलं होतं, पण गिळलं. विचारलं, “तू काय केलं असतंस?” बराच वेळ काहीच नाही. मग, “तुम्ही दोघं नसलात तर याला मी सांभाळायचं का?” म्हणजे युद्ध बाजूलाच, भीती ही होती. ‘असं काही होणार नाही’ म्हणणं सोपं होतं, पण ते तिला पटलं नसतं. मी सरळ सांगितलं की तशी वेळ आली तर आत्या येईल, पैशांचं ती आणि काका बघतील, तुला शाळाच करायची आहे. तिने पुढचे प्रश्न विचारले ते व्यवहाराचे, आणि त्या रात्री ती शांत झोपली.

तेव्हापासून सिनेमा मी आधी एकटा बघतो. वयाचं प्रमाणपत्र हिंसा आणि शिव्या बघतं, आपल्या घरात कोण आजारी आहे, कोण नुकतं गेलंय, हे त्याला कुठून कळणार? मग मुलीला गोष्ट शेवटासकट सांगतो, सगळ्यात वाईट प्रसंगही. (मजा जाते म्हणून ती कुरकुरते, जाऊ दे.) ऐकून ती प्रश्न विचारू लागली तर बघायला हरकत नसते. ‘सगळ्यांनी बघितलाय’ एवढंच म्हणाली तर थांबतो. आणखी एक बघतो: मध्येच ‘बंद करा’ म्हणायला ती लाजते का? लाजत असेल तर रिमोट तिच्याच हातात द्यायचा. आणि सिनेमा दुपारी लावायचा, रात्री नाही.

एकदोन रात्री झोप उडाली तर घाबरू नका. पण काही आठवड्यांनंतरही तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल, एकटं झोपणं किंवा शाळा टाळणं सुरू झालं असेल, तर समुपदेशकाला दाखवा.